सुटी सिगारेट बंद केली ते वर्ष : आमच्या पानदुकानाची वाटचाल

वडिलांनी नाशिकला सातपूरच्या कंपन्यांच्या रस्त्यावर पानाचं खोकं टाकलं ते १९८६ साली. पुढे सिडकोत गाळा मिळाला आणि १९९४ पासून आम्ही तिथेच आहोत. मधल्या वर्षांचं लिहायला बसलो तर दोन ओळी होत नाहीत. दुकान चाललं, बहिणीचं लग्न झालं, माझं झालं, वडील गेले. लिहिण्यासारखं वर्ष एकच, २०१८. ते नीट लिहिणार आहे, कारण त्या वर्षी चौकात आमच्याबद्दल जे बोललं गेलं ते मला अजून पचलेलं नाही.

वडिलांचा अडकित्ता अजून माझ्याकडे आहे. पितळेचा, एका बाजूची मूठ झिजून गुळगुळीत झालेली. चुन्याचा डबाही त्यांचाच. आणि दुकानाच्या खांबाला एक खिळा आहे, त्याला काथ्याची दोरी टांगलेली असायची. सकाळी तिचं टोक पेटवायचं, ते दिवसभर धुमसत राहायचं. गिऱ्हाईक सुटी सिगारेट घ्यायचं, वाकून दोरीला लावायचं आणि चालायला लागायचं. पुढे दोरी गेली आणि त्याच खिळ्याला सुतळीने लायटर बांधला. ज्याच्या खिशात पाकीट नाही आणि काडेपेटीही नाही, त्याला दहा रुपयांत उभ्या उभ्या सगळं मिळावं, यासाठी ही सोय होती. मोठ्या माणसासाठी होती. ती शाळेतल्या पोरांच्या किती कामाची आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आमचे एक गिऱ्हाईक आहेत. अंबडला कंपनीत होते, मी त्यांना भाऊ म्हणतो. दुसऱ्या पाळीला जाताना दुपारी पावणेतीनला स्कूटर लावायची, एक साधं पान आणि दोन सिगारेटी, हा वीस वर्षांचा नेम. उधारी कधी नाही. २०१७ च्या दिवाळीनंतर ते फक्त पान घ्यायला लागले, आणि त्याच सुमारास त्यांचा नववीतला मुलगा सकाळी यायला लागला. "काका, पप्पांना दोन." मी दोन काढून द्यायचो. पोरगं घरी नेऊन देतंय, म्हणून भाऊ माझ्याकडून दुपारी घेत नाहीत, असा मी हिशेब लावला. हिशेब सरळ होता म्हणून शंका आली नाही.

संक्रांत झाली होती. भाऊंना पान देताना मी सहज म्हणालो, "सकाळीच नेल्या पोराने."

"काय नेलं?"

"तुमच्या दोन. नेहमीच्या."

ते पान हातात धरून उभे राहिले. तोंडात घातलं नाही. "शेठ, मी पाडव्यापासून सोडली. डॉक्टरांनी सांगितलं होतं." मग विचारलं, "रोज नेतो?"

"रोज," मी म्हणालो. "रविवार सोडून."

रविवार सोडून. हे माझ्याच तोंडून बाहेर पडलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरातल्या माणसासाठी नेत असता तर रविवारीच जास्त नेल्या असत्या. भाऊ माझ्यावर ओरडले नाहीत. स्कूटर सुरू करून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

ते दोन दिवस मी गिऱ्हाईक बघत बसलो. दुकानदाराला सगळं दिसत असतं, फक्त तो बघत नाही. शर्टावर टी-शर्ट चढवलेला, पण पँट शाळेची. तिघांत एक सिगारेट. ब्रँडचं नाव येत नाही, "ती लाल" म्हणून मागायची. दहाचं नाणं आधीच हातात, आणि बरोबर लगेच पुदिन्याची गोळी. मोठा माणूस सिगारेट घेताना रस्त्याकडे बघत नाही, पोर आधी दोन्ही बाजूंना बघतं. असे मी मोजले, रोजचे चाळीस-पन्नास तरी निघाले.

कायदा मला ठाऊक नव्हता असं नाही. २००३ च्या कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्याला तंबाखूची कोणतीही वस्तू विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत तर कोणालाच विकता येत नाही. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. हे अंतर शाळेच्या गेटपासून रस्त्याने मोजत नाहीत. कंपाउंडच्या बाहेरच्या भिंतीपासून सरळ मोजायचं असतं. रस्त्याने आम्ही १४० मीटरवर आहोत. मी टेप धरून मैदानाच्या मागच्या भिंतीपासून मोजलं तर ९७ निघालं. म्हणजे सहा मीटरने आम्ही बसत होतो, आणि 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री हा गुन्हा आहे' ही पाटीही लावलेली होती. त्या पाटीखालूनच मी देत होतो.

या कायद्यातला दंड २०० रुपयांपर्यंत, त्याला कोणी घाबरत नाही. पण २०१५ चा बालन्याय कायदा वेगळा आहे. त्याच्या कलम ७७ मध्ये मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. धंद्यातल्या बहुतेकांना हे ठाऊकच नाही. माझं मन मात्र कलमाने बदललं नाही. 'रविवार सोडून'ने बदललं.

आधी मी गणवेशातल्या पोरांना नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तीच पोरं घरच्या कपड्यांत आली. मग वय विचारायला लागलो. त्यावरून भांडणं झाली, दोघा कॉलेजवाल्यांनी खरंच ओळखपत्र काढून दाखवलं आणि परत आले नाहीत. मग एक मोठा मुलगा एकदम पाच घ्यायला लागला आणि कोपऱ्यावर जाऊन वाटायला लागला. पंधरा दिवसांत एवढं समजलं की दारात उभं राहून पोरं ओळखत बसणं हा इलाज नाही. मूळ सुट्या विक्रीत आहे.

हिशेब सांगतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त चालणारं दहाचं पाकीट छापील ९५ ला होतं, मला ९१ ला पडायचं. बंद विकलं तर चार रुपये सुटायचे. फोडून दहा-दहाला विकलं तर शंभर यायचे, म्हणजे नऊ. फोडलेल्या पाकिटात दुपटीपेक्षा जास्त नफा, म्हणून प्रत्येक पानवाला फोडतो. पोराच्या बाजूने बघा. त्याच्या खिशात दहा असतात, ९५ नसतात. घरी लपवायला पाकीट उरत नाही. आणि पाकिटावरचं ते कॅन्सरचं चित्र, जे २०१६ पासून ८५ टक्के जागेवर छापावं लागतं, ते सुटी घेणाऱ्याला दिसतच नाही, कारण पाकीट माझ्या गल्ल्याजवळ असतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला मी पाकीट फोडणं बंद केलं. सगळ्यांसाठी. हवं तर बंद पाकीट घ्या. खिळ्यावरचा लायटर काढला.

पोरं दोन दिवसांत बंद झाली. पण मोठेही गेले, याचा अंदाज मला नव्हता. पाळीला जाणारा कामगार एकच घेतो. पाकीट खिशात असलं की संध्याकाळपर्यंत संपतं, हे त्याला माहीत असतं, म्हणून तो मुद्दाम एक घेतो. असली शंभरेक गिऱ्हाईकं तुटली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं पान, पाण्याची बाटली, चिक्कीही गेली. रोजचा ३२०० चा गल्ला महिन्याअखेर १९०० वर आला. गाळ्याचं भाडं ६००० होतं. बायकोच्या भिशीचे पैसे आधी घेतले, मग तिच्या पाटल्या गहाण ठेवल्या. सिगारेट कंपनीचा माणूस आला, "शेठ, खप नाही तर डिस्प्ले कशाला" म्हणाला आणि दिव्याचा रॅक उचलून नेला. डिस्प्लेचे दोन महिन्यांचे ठरलेले पैसेही दिले नाहीत. ती रक्कम अजून वहीत आहे.

ते सगळं समोरच्या टपरीवर गेलं. ती टपरी शाळेच्या भिंतीपासून साठ मीटरवर आहे, तीही मी मोजली. तिथे तंबाखूची पुडीही विकता येत नाही. त्याने माझं बघून एकाऐवजी दोन लायटर बांधले. चौकात सांगत फिरला की माझ्यावर केस झाली आहे, म्हणून मी घाबरून बंद केलं. माझ्यावर आजवर एकही केस नाही. मी दोनदा लेखी तक्रार केली, कोणी आलं नाही. मला राग त्याच्या खपाचा नाही. मी ज्या पोराला नाही म्हणायचो, ते माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून तिकडे जायचं आणि तो माझ्याकडे बघून हसायचा, याचा आहे.

एप्रिलमध्ये मी गाळा सोडायचा विचार पक्का केला होता. तेव्हा भाऊ आले, तीन महिन्यांनी. बसले. म्हणाले, "मेमध्ये मुलीचं लग्न आहे. ४०० विडे करशील?" मी एवढे कधी केले नव्हते. त्यांनी तीन हजार टेबलावर ठेवले आणि उठले. बाकी विषय त्यांनी काढला नाही.

लग्नाच्या विड्याचं गणित वेगळं असतं. पानं आदल्या संध्याकाळी आणायची, एकेक निवडायचं, डाग असलेलं काढायचं, म्हणून ४०० ला ४५० घ्यायची. देठ खुडून, पुसून ओल्या फडक्यात ठेवायची. चुना-कात लावून फार आधी भरून ठेवलं की पान काळं पडतं आणि गुलकंदाला पाणी सुटतं, म्हणून वाढायच्या आधी दोन तासांत सगळं उरकायचं. मी, बायको आणि मेहुणी, तिघांनी मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसून लवंगा टोचल्या. पंधरा रुपयांनी सहा हजार झाले. त्याच लग्नातून पुढच्या दोन ऑर्डरी मिळाल्या. पाटल्या दसऱ्याच्या आधी सुटल्या. आज लग्नसराईत दुकानापेक्षा ऑर्डरी जास्त देतात.

नवीन पानवाल्यांना माझं सांगणं आहे, कोणी विचारलेलं नसलं तरी. पोरांना बंद करायचं असेल तर पाकीट फोडणंच बंद करा, आणि आधी चार महिन्यांचं भाडं बाजूला ठेवा. मी ठेवलं नव्हतं. आणि बंद पाकीट घेताना कोणी ९५ रुपये चिल्लर मोजून देत असेल तर ती पोरांची वर्गणी आहे, देऊ नका. माझ्याकडून अशी तीन पाकिटं गेली, मग लक्षात आलं.

२४ सप्टेंबर २०२० ला महाराष्ट्र सरकारने सुट्या सिगारेटी आणि बिडीच्या विक्रीवर बंदी आणली. मी ती अडीच वर्षांहून जास्त आधीपासून पाळत होतो. समोरच्याने लायटर काढून आत ठेवले, मागितलं की देतो.

भाऊ आता रिटायर आहेत. पाळी नाही, तरी पावणेतीनला येतात. मुलगा अंबडलाच कामाला लागला. तोही येतो, मसाला पान घेतो, पैसे काचेवर ठेवतो. माझ्याकडे नीट बघत नाही. पान हातात देताना मीही खालीच बघतो.