वीरगळ नोंदवही: गोषवाऱ्यापासून निबंधाच्या आराखड्यापर्यंत

मंडळी, गोषवारा स्वीकारल्याचं पत्र आलं आणि आता ३००० शब्दांचा निबंध द्यायचा आहे. विषय तोच, आमच्या तालुक्यातले २३ वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभे केलेले कोरीव दगड. दोन रविवार फक्त आराखड्यात गेले.

आधी गोषवाऱ्यातलं एकेक वाक्य वहीत डावीकडे उतरवलं आणि उजवीकडे त्याला आधार देणाऱ्या दगडांचे क्रमांक लिहिले. तिसऱ्या वाक्याशी अडकलो. 'बहुसंख्य वीरगळ गोधन राखताना पडलेल्या वीरांचे आहेत' असं मी लिहून बसलोय. प्रसंग कळतो तो सगळ्यात खालच्या कप्प्यात, कारण त्याच्या वरच्या कप्प्यात अप्सरा वीराला स्वर्गात नेताना दिसतात आणि सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. ते सगळीकडे जवळपास सारखंच. खालच्या कप्प्यात गाई आहेत ९ दगडांवर. पण चार दगड कमरेपर्यंत मातीत गाडलेले आणि दोनांवर शेंदराचा इतका जाड थर की खालचं काहीच दिसत नाही. म्हणजे २३पैकी ९ धरले तर निम्मेही नाहीत, आणि खालचा कप्पा दिसणाऱ्या १७पैकी ९ धरले तर निम्म्याहून जेमतेम जास्त. 'बहुसंख्य' काढलं. आता निबंधात सरळ '१७पैकी ९' येईल आणि ते सहा का वगळले हे पद्धतीच्या भागातच सांगेन, शेवटी तळटीपेत नाही.

शब्दांची वाटणी अशी ठरली: प्रस्तावना २५०, पूर्वीचं काम ३००, क्षेत्र आणि पद्धत ४००, वर्णन ९५०, चर्चा ८००, निष्कर्ष ३००. पहिल्या खर्ड्यात पूर्वीच्या कामालाच ७०० दिले होते, वाचलेलं सगळं सांगायचा मोह. ते शब्द वर्णनाकडे वळवले, कारण आपल्याकडे नवीन काही असेल तर ते दगडच आहेत.

२३ दगडांचा तक्ता वर्णनाच्या सुरुवातीलाच येईल: गाव, उंची, कप्पे, खालचा प्रसंग, सद्यस्थिती. छायाचित्रं चारच. त्यातलं एक मुद्दाम शेंदराने झाकलेल्या दगडाचं, म्हणजे वगळण्याचं कारण डोळ्यांना दिसेल. दगड क्रमांक ११ मात्र चर्चेसाठी राखून ठेवलाय. त्यात गाईंच्या मागे धनुर्धारी आहेत आणि वीर त्यांच्याकडे तोंड करून उभा आहे. माझा मुख्य मुद्दा त्याच्यावरच उभा राहतो.

बोरिवलीच्या एकसरचे वीरगळ प्रस्तावनेत घ्यायचे होते. तिथे खालच्या कप्प्यांत जहाजं कोरलेली आहेत, वाचणारा लगेच ओढला जातो. पण ती तुलना चर्चेतच शोभते: किनाऱ्यावर आरमारी लढाई, आमच्याकडे गुरं.

'तेराव्या शतकातील' हे शब्द अजून छळताहेत. आमच्या एकाही दगडावर लेख नाही, काळ फक्त शैलीवरून लावलाय. म्हणून तो दावा निष्कर्षातून काढून चर्चेच्या शेवटी १२० शब्दांत अंदाज म्हणून ठेवला. पुढच्या रविवारी गाडलेल्या चारांपैकी दोघांच्या गावी जाणार आहे. सरपंचांनी माती बाजूला करू दिली तर पद्धतीचा भाग आणि तक्ता, दोन्ही पुन्हा लिहावे लागतील.