बाण वर, भाव खाली

शेतमालाच्या बाजारातून येणाऱ्या भावपत्रकाच्या फोटोत ‘बदल’ नावाचा एक रकाना असतो. त्यात हिरवा ▲ किंवा लाल ▼, आणि पुढे आकडा. फोटोतला हा बाण एक्सेलमध्ये अधिक-उणे चिन्हाचा आकडा करून भरणं हे माझं रोजचं काम. बाहेरच्यांना वाटतं, फोटोतून मजकूर उचलणारं सॉफ्टवेअर हे आपोआप करत असेल. ते बऱ्याचदा बाण ओळखतच नाही. बाण नुसता गळला तर निदान उणे हरवलंय हे कळतं. पण कधी कधी ते ▲ ला 4 समजतं, आणि ▲50 चे थेट 450 होतात. ▼50 चे 750 झालेलेही मी पाहिलेत. हा आकडा भावासारखाच दिसतो, म्हणून नजर त्यावरून सहज घसरते.

म्हणून बाण आणि आकडा मी वेगवेगळ्या रकान्यांत हाताने भरते. वरच्या बाणाला u, खालच्याला d, आणि पत्रकात आडवी रेघ असेल तर s, म्हणजे बदल नाही. जिथे काहीच छापलेलं नाही तिथे रिकामं. रेघ म्हणजे शून्य, रिकामं म्हणजे माहिती नाही. हे दोन्ही सरसकट शून्य करणारे लोक सरासरीची वाट लावतात. चिन्ह मग सूत्र लावतं:

```
=IF(C2="u",D2,IF(C2="d",-D2,IF(C2="s",0,"")))
```

खरं काम त्यानंतरचं. आजच्या भावातून आदल्या बाजारदिवसाचा भाव वजा करायचा आणि त्यातून हा चिन्हांकित बदल वजा करायचा. उत्तर शून्य आलं पाहिजे. नाही आलं, तर जे उरतं तेच चूक कुठली ते सांगतं. सगळ्याच ओळी बिघडल्या असतील तर बहुधा आदला दिवस चुकीचा धरलाय; अमावास्येला लिलाव बंद होते आणि आपण नुसतं ‘काल’ धरलं, असं होतं. एकाच ओळीत उणे 400 उरले तर ▲50 चे 450 झालेत का ते पाहायचं. आणि उरलेला आकडा बदलाच्या बरोबर दुप्पट असेल, तर चिन्ह उलटं आहे.

एका बुधवारी लाल कांद्याच्या ओळीत नेमकं हेच झालं. पत्रकात सरासरी भाव क्विंटलला 1,850, बदल ▲150. मंगळवारचा भाव 2,000. म्हणजे खरा फरक उणे 150, आणि त्यातून अधिक 150 वजा केल्यावर उणे 300. दीडशेची दुप्पट.

पहिला संशय फोटोवर. व्हॉट्सॲपवर फोटो आकसतो आणि त्रिकोणाचा काळपट ठिपका होतो. अशा ठिपक्यात मी टोक शोधत नाही, रुंद बाजू शोधते. ती खाली असेल तर बाण वरचा. इथे रुंद बाजू खालीच होती. तरी पाठवणाऱ्या मुलाला फोन करून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला. बाण स्वच्छ वर होता, पण रंगाने लाल. त्याच पानावरचे बाकीचे वरचे बाण हिरवे होते.

रंगावर मी कधी विसंबत नाही. झेरॉक्समध्ये तो जातो, पिवळ्या दिव्याखाली बदलतो, आणि चीनच्या शेअर बाजारात तर वाढ लाल रंगातच दाखवतात. आकार पाहायचा, हा माझा नियम. इथे मात्र रंग खरा आणि आकार खोटा दिसत होता. माझा अंदाज असा, की पत्रक करणाऱ्याकडे रंग आकड्यावरून आपोआप लागत असावा आणि बाण वरच्या ओळीतून चिकटवलेला असावा.

अहवाल पुढे पाठवणारे आमचे सर म्हणाले, “कागदावर जे आहे तेच टाका, आपण दुरुस्त करणारे कोण?” मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. दीडशेची घसरण दीडशेची वाढ म्हणून गेली, तर वाचणाऱ्याच्या हिशेबात क्विंटलमागे तीनशेचा फरक पडतो. छापलेलं मलाही पुसायचं नव्हतं. म्हणून मी ‘छापील बदल’ आणि ‘काढलेला बदल’ असे दोन रकाने केले. सरांनी अहवालात छापीलच पाठवला.

गुरुवारचं पत्रक आलं: 1,900, ▲50. म्हणजे बुधवारचे 1,850 बरोबर. मंगळवारच्या पत्रकात 2,000 पुढे ▲100 होतं आणि सोमवारचा भाव 1,900, म्हणजे 2,000 ही बरोबर. दोन्ही टोकं पक्की झाल्यावर मधला बदल उणे 150 शिवाय दुसरा असूच शकत नाही. हे दाखवल्यावर सरांनी सुधारित अहवाल पाठवला.

पण आमच्याकडे जुनी सुटी पत्रकंही आहेत, ज्यांच्या मागच्या-पुढच्या दिवसांचे फोटो कुणी जपलेच नाहीत. त्यांत असा एखादा बाण उलटा असेल, तर माझं वजाबाकीचं सूत्र तिथे काहीच पकडू शकत नाही. त्या ओळींत ‘काढलेला बदल’ मी रिकामा ठेवलाय, आणि तो छापील आकड्याने भरून टाका असं सांगितलं जातंय, तरी भरलेला नाही.