‘करकर’ कूपनची कॅप्शन : माझा अनुभव

आमच्या ओळखीतल्या एका कोल्हापुरी चपलांच्या दुकानाची वेबसाइट आणि इन्स्टाग्राम मी सांभाळतो. 2025 च्या दिवाळीआधी तिथं सहा दिवसांची कूपन ऑफर काढायची ठरली. कॅप्शन म्हणजे आठ-दहा ओळींचं काम, पण त्यात चार दिवस गेले. लिहायला वेळ लागला नाही, प्रत्येक ओळ वेबसाइटच्या सेटिंगशी ताडून बघण्यात लागला. कॅप्शन एक सांगते आणि कूपन दुसरंच करतं, तेव्हा कमेंटमध्ये ‘कोड चालत नाही’ची रांग लागते.

आधी शेवटची तारीख. मालकांचं म्हणणं, लक्ष्मीपूजनापर्यंत ठेवूया. लक्ष्मीपूजन होतं मंगळवारी, 21 ऑक्टोबरला. पण त्या दिवशी ऑर्डर केलेलं पायताण पुण्या-मुंबईला दिवाळी उरकल्यावर पोचणार. म्हणून उलटं मोजलं. 20 तारखेपर्यंत घरी पोचायला हवं, मध्ये 19 चा रविवार धरायचा नाही, कुरिअरला दोन-तीन दिवस, पॅकिंगला एक. हिशेब बुधवार, 15 ऑक्टोबरला येऊन थांबला. सुरुवात शुक्रवार, 10 ऑक्टोबर. तारखेसोबत वार लिहायचाच. आकडा चुकीचा टाइप झाला तर वार जुळत नाही आणि चूक लगेच दिसते.

मग सवलत किती आणि कशी. पहिला विचार ‘10 टक्के सूट, कमाल 200 रुपये’ असा होता. वेबसाइट वर्डप्रेसवर आहे आणि तिच्यावरची विक्री वूकॉमर्स या प्लगइनवर चालते. तिथं कूपनच्या `Usage restriction` या भागात `Maximum spend` असा रकाना दिसतो आणि तो बघून सवलतीची कमाल मर्यादा इथंच टाकायची असं वाटतं. तसं नाही. तो रकाना सवलतीचा नसून खरेदीचा आहे, म्हणजे कार्टमध्ये जास्तीत जास्त कितीचा माल असला तर कूपन चालेल, ते तो ठरवतो. त्यात 200 आणि वरच्या `Minimum spend` मध्ये 1500 टाकलं, तर किमान 1500 आणि कमाल 200 या दोन अटी एकाच वेळी पुऱ्या होऊच शकत नाहीत. कूपन एकालाही लागणार नाही. टक्क्यांच्या सवलतीला रुपयांत कमाल मर्यादा घालायची सोय मूळ वूकॉमर्समध्ये नाही, त्यासाठी वेगळं प्लगइन लागतं.

सहा दिवसांसाठी प्लगइन कशाला, म्हणून `Fixed cart discount` निवडलं. किमान 1500 ची खरेदी, सरळ 200 रुपये कमी. कॅप्शनलाही हे सोपं पडतं, वाचणाऱ्याला टक्के काढत बसावं लागत नाही. इथं शब्दाकडे मात्र बघावं. ‘1500 च्या वर’ लिहिलं तर बरोब्बर 1500 ची जोडी घेणारा बाहेर राहिला असा अर्थ होतो, आणि कूपन तर त्याला लागतं. म्हणून ‘किमान 1500’.

आता ज्या अटीवर सगळ्यात जास्त भांडण होतं ती. समजा एकीनं 1450 ची कापशी चप्पल कार्टमध्ये टाकली. कुरिअरचे 80 धरून एकूण 1530 दिसले. तिच्या दृष्टीनं 1500 झाले, पण कूपन नाकारलं जातं आणि किमान खरेदी 1500 हवी असा इंग्रजी संदेश येतो. कारण `Minimum spend` फक्त मालाची बेरीज बघतं, कुरिअर त्यात धरत नाही. तिनंच मुलासाठी 650 ची जोडी जोडली की माल 2100 होतो, 200 वजा जाऊन 1900, वर कुरिअरचे 80, देय 1980. ही बेरीज चाचणीच्या ऑर्डरमध्ये स्क्रीनवर बघून घेतली आणि कॅप्शनमध्ये ‘कुरिअरचा खर्च धरलेला नाही’ हे शब्द घातले. चारच शब्द, पण ते नसते तर निम्म्या तक्रारी याच असत्या.

कोडचं नाव ठरवताना सगळ्यात मजा आली. पहिली सूचना `PAYTAN200`. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा म्हटलं की प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. कुणी `PAYTAAN` लिहील, कुणी `PAITAN`, कुणी `PAYATAN`. रील ऐकून किंवा मैत्रिणीनं फोनवर सांगितलेलं ऐकून टाइप करणाऱ्याला बरोबर स्पेलिंग कुठून कळणार? शिवाय शेवटी शून्य, ते O समजून दाबलं जातं, आणि मराठी कीबोर्ड चालू असेल तर २०० असं देवनागरीत उमटतं. ते कूपनला ओळखू येत नाही. `DIWALI` हा कोड तर कुणीही अंदाजानं टाकून बघतो.

शेवटी `KARKAR`. नवी कोल्हापुरी घालून चाललं की जो आवाज येतो तो. सहा अक्षरं, आकडा नाही, O नाही, I नाही, आणि करकर दुसऱ्या कुठल्या स्पेलिंगनं लिहायचं म्हटलं तरी सुचत नाही. वूकॉमर्स लहान-मोठी अक्षरं वेगळी धरत नाही, त्यामुळे `karkar` टाकलं तरी चालतं. हे कॅप्शनमध्ये लिहिलं नाही, उगाच एक ओळ वाढते.

खरा घोळ तारखेच्या रकान्यात आहे. `Coupon expiry date` मध्ये 15 ऑक्टोबर टाकलं की कूपन 15 तारखेच्या रात्री संपतं, असं कुणालाही वाटेल. पण त्या तारखेचे 00:00:00 वाजले की ते संपतं, म्हणजे 14 ची रात्र सरून 15 उजाडायच्या आतच. रकान्याशेजारच्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं तर हे लिहिलेलं दिसतं, पण ते कोण वाचतो? कॅप्शनमध्ये ‘15 पर्यंत’ म्हणायचं असेल तर रकान्यात 16 टाकायची.

त्यातही पुढची गाठ टाइमझोनची. आमच्या साइटवर तो UTC वरच राहिला होता, नवीन वर्डप्रेस बसवल्यावर बदलायचा विसरला की असं होतं. UTC ची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. 16 तारीख टाकून टाइमझोन तसाच ठेवला असता तर कूपन गुरुवारी पहाटे 5:30 पर्यंत चालत राहिलं असतं. त्यात ग्राहकाचं नुकसान नाही, पण कॅप्शन खोटी ठरते. `Settings` मध्ये `General` उघडून `Timezone` ला `Kolkata` निवडलं की हे मिटतं. ओळखायची खूण सोपी आहे. एक चाचणी ऑर्डर टाकायची आणि ऑर्डरवर छापलेली वेळ हातातल्या घड्याळाशी जुळवायची. साडेपाच तासांनी मागे दिसली तर टाइमझोन चुकलाय. सुरुवातीच्या तारखेला कूपनमध्ये रकानाच नाही, म्हणून ते आधी तयार करून 10 तारखेला प्रकाशित होईल असं शेड्यूल केलं.

कॅप्शनमध्ये ‘रात्री 12 पर्यंत’ असं मी कधीच लिहीत नाही. बुधवारी रात्री 12 म्हणजे मंगळवार संपतानाचे की बुधवार संपतानाचे, यावर दोन माणसं दोन उत्तरं देतात. 11:59 लिहिलं की वाद नाही. आणि वेळ ऑर्डर पूर्ण होण्याची धरायची. 11:50 ला कोड लावून कार्ट तशीच ठेवली आणि 12:05 ला ऑर्डर दिली, तर चेकआउटला कूपन पुन्हा तपासलं जातं आणि निघून जातं.

‘एका ग्राहकाला एकदाच’ ही अट `Usage limit per user` मध्ये 1 टाकून लागते. पण खातं न उघडता खरेदी करणाऱ्याला साइट ओळखते ती ईमेलवरून. दुसरा ईमेल दिला की तोच माणूस नवा ग्राहक. त्यामुळे कॅप्शनमध्ये ‘एका ईमेलवर एकदा’ लिहिलं, जे होतं तेच.

दुकानाचं काय, हा प्रश्न शेवटी आला आणि खरं तर तो पहिला यायला हवा होता. काउंटरचं बिलिंग वेगळं, तिथं हा कोड लागतच नाही. अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेलं कुणी मोबाइल पुढं करून ‘इन्स्टावर बघितलंय की ओ काका’ म्हणणार, आणि काउंटरवरच्या काकांना काहीच माहीत नसणार. म्हणून ‘फक्त वेबसाइटवर’ हे शब्द खाली अटींत न ठेवता पहिल्याच दोन ओळींत घेतले. इन्स्टाग्राम कॅप्शन 2200 अक्षरांपर्यंत घेतं खरं, पण पोस्टखाली सुरुवातीचाच मजकूर दिसतो, बाकीचा `more` मागे जातो. सवलत, कोड, तारीख आणि कुठं चालणार, एवढं त्याच्या आत बसायला हवं. इमोजी आणि दिवाळीच्या शुभेच्छा शेवटी.

अटी कुठल्या भाषेत, हाही मुद्दा आहे. ऑफर मराठीत आणि खाली इंग्रजीत ‘टी अँड सी अप्लाय’ ही पद्धत सगळीकडे दिसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासाही हवा. तसाही त्या इंग्रजी शब्दांतून ग्राहकाला काही कळत नाही.

शेवटी गेली ती कॅप्शन अशी :

किमान 1500 रुपयांची पायताणं घ्या, 200 रुपये कमी. कोड `KARKAR`
बुधवार, 15 ऑक्टोबर 2025, रात्री 11:59 पर्यंत. फक्त वेबसाइटवर.

कोड असा वापरा : बायोमधली लिंक उघडा. जोडी आणि साइज निवडून कार्टमध्ये टाका. कार्टमध्ये `Coupon code` लिहिलेल्या चौकटीत `KARKAR` टाइप करा आणि `Apply coupon` दाबा. बेरजेतून 200 रुपये वजा झालेले दिसले की मगच पुढं जा.

अटी : 1500 मध्ये कुरिअरचा खर्च धरलेला नाही. एका ईमेलवर एकदाच. कॅश ऑन डिलिव्हरीलाही चालेल. ऑर्डर मुदतीच्या आत पूर्ण झालेली हवी. ऑर्डर दिल्यानंतर सवलत मागे लावता येणार नाही. दुकानातल्या खरेदीवर हा कोड नाही.

बायोमधली लिंक असं लिहिलं, कारण कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबली तरी उघडत नाही. बटणांची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात, म्हणून इथंही तशीच. ‘कूपन लावा’ असं भाषांतर केलं असतं तर लोक ते बटण शोधत बसले असते.

पोस्ट करायच्या आधी ज्यानं साइट कधी उघडलेली नाही अशा एकाच्या हातात फोन दिला आणि फक्त कॅप्शन वाचून ऑर्डर करायला सांगितलं. तो `Apply coupon` न दाबताच पुढं निघाला आणि पूर्ण रक्कम भरायच्या पानावर पोचला. ‘200 रुपये वजा झालेले दिसले की मगच पुढं जा’ हे वाक्य त्यानंतर आलं.

चित्रावर कोड आणि तारीख छापली होती, ती तिघांनी वाचली. पोस्ट झाल्यावर कॅप्शन बदलता येते, चित्र बदलता येत नाही. 16 तारखेला सकाळी कॅप्शनच्या सुरुवातीला ‘ऑफर संपली’ हे दोन शब्द जोडले. पोस्ट पुढं आठवडाभर शेअर होत राहते, आणि काका काउंटरवर असतातच.