थोडा लॅब, थोडा कोण जाणे

मिश्र जातीचा काळा कुत्रा दिसला, आखूड केस असले आणि कान खाली पडलेले असले, की कुणीतरी म्हणतंच, "लॅब आहे ना यात?" मीसुद्धा म्हणते. हा खेळ मला फार आवडतो, फक्त त्यावर पैज लावायची माझी तयारी नाही.

कारण एक जोडी बघा. आई गोल्डन रिट्रीव्हर, लांब सोनेरी केसांची. बाप साधा तपकिरी, आखूड केसांचा. पिल्लं कशी होतील? सोनेरी-तपकिरी, मध्यम केसांची, असंच आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सगळीच्या सगळी काळीभोर आणि आखूड केसांची निघू शकतात. लांब केसांसाठी आई आणि बाप दोघांकडूनही तसाच जनुक यावा लागतो, एकाकडून आला तर तो दबून राहतो. सोनेरी रंगाचंही तसंच. शिवाय गोल्डनच्या अंगात बहुधा काळ्या रंगाचा जनुक असतोच. सोनेरीपणाने तो झाकलेला असतो एवढंच. झाकण उडालं की काळा रंग वर येतो. म्हणजे गोल्डनचीच लेकरं, आणि बघणारा छातीठोकपणे लॅबचं नाव घेणार!

पुढे अशाच दोन काळ्या कुत्र्यांची जोडी जमली, तर साधारण चारातलं एक पिल्लू पुन्हा लांब केसांचं आणि चारातलं एक सोनेरी निघेल. दोन्ही गुण एकत्र जुळून यायची शक्यता मात्र सोळात एक. तसं पिल्लू निघालंच, तर लोक शेजारच्या गोल्डनकडे संशयाने बघतील आणि आजीचं नावही कुणाला आठवणार नाही.

कानांचा तर भरवसाच नाही. दात येण्याच्या वयात, म्हणजे साधारण चार ते सहा महिन्यांत, एक कान उभा, दुसरा पडलेला, आठवड्याने उलटं, असा कारभार चालतो. तेवढ्यात जात ठरवणाऱ्याची मला गंमत वाटते. नाकाडाची लांबी आणि अंगाची ठेवण बऱ्याच जनुकांच्या मिळून असते, त्यामुळे ती बहुतेकदा मधलीच कुठलीतरी येते, आणि मधलं नाकाड कुणाच्याही नावावर खपतं.

माझा त्यातल्या त्यात विश्वास आखूड पायांवर. मोठं धड, रुंद छाती आणि खाली बुटके, किंचित वाकडे पाय दिसले, की पूर्वजांत कुणीतरी ठेंगणं होतं, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. हा गुण एकाच पालकाकडून आला तरी उमटतो, दबून बसत नाही. पण ते ठेंगणं कोण, डॅशहुंड, कॉर्गी की बॅसेट, ते पाय सांगत नाहीत. या तिघांच्या आखूड पायांमागे जनुकातला बदल एकच आहे.