उडीद बदलले तरी पीठ गरमच

माझं काम ग्राइंडर रिपेअरिंगचं, बहुतेक कॉल बेल्ट तुटला नाहीतर मोटर जळाली असेच येतात, पण गेल्या महिन्यात एका मेसमधून फोन आला की मशीन तर मस्त चालतंय, इडलीच चपटी होतेय आणि पीठ सकाळपर्यंत आंबटढाण होतंय. उडीद बदलून झाले, तांदूळ बदलून झाले, तरी तेच.

गेलो तेव्हा उडीद डाळ वाटायला लागलेलीच होती. हात घातला तर पीठ चक्क कोमट, थर्मामीटर लावला तर ४१ डिग्री! वाटतानाच पीठ इतकं तापलं तर उडीद फुलत नाही आणि आंबायची क्रिया सुसाट सुटते, मग रात्रभरात काय होणार. आचारी अण्णा म्हणाले, "अहो कण राहतात म्हणून वरचा दाबाचा स्क्रू आवळला, वेळपण वाढवला." मला तिथेच शंका आली, कण राहतात म्हणजे ड्रममधला वाटायचा दगड, म्हणजे रोलर, फिरत नाहीये, आणि न फिरणारा दगड दाबला की तो नुसता घासत राहतो, म्हणजे आणखी गरम.

मशीन बंद करून प्लग काढला, दोन्ही रोलर बाहेर घेतले. एक बोटाने ढकलला की गरगर फिरत होता, दुसरा हलेनाच. त्याच्या बुशमध्ये, म्हणजे शाफ्ट बसतो त्या नळीत, जुनं पीठ सुकून दगडासारखं झालेलं, आणि एकाच बाजूला घासून रोलरवर चकचकीत सपाट पट्टा पडलेला. अण्णा रोज रात्री ड्रममध्ये पाणी टाकून मशीन फिरवायचे, वरून सगळं स्वच्छ दिसायचं, पण रोलर उचलून कोणी बघितलंच नव्हतं, त्यात अण्णांची काही चूक नाही कारण मशीन देणाऱ्याने ते दाखवलंच नव्हतं.

रोलर कोमट पाण्यात भिजत ठेवला, शाफ्ट ब्रशने साफ केला, झिजलेला बुश बदलला. मग तळाच्या दगडावर ओली हळद पातळ फासली आणि ड्रम हाताने एक फेरा फिरवला. हळद दगडाच्या पूर्ण रुंदीवर पुसली गेली पाहिजे, इथे फक्त बाहेरच्या कडेला पुसली, म्हणजे रोलर तिरका बसतोय. होल्डर थोडा वाकला होता, तो सरळ करून परत हळद लावली तेव्हा पट्टा सलग आला. सपाट झालेल्या रोलरला छिन्नीने टाकी लावून तो खरखरीत करून घेतला आणि नंतर दोन मूठ भिजवलेले तांदूळ वाटून ते पीठ फेकून दिलं, नाहीतर दगडाची कच खाण्यात जाते.

स्क्रू सैल केला, डाळ थोडंथोडं गार पाणी घालत अर्धा तास वाटली. २९ डिग्री. पिठाचा थेंब वाटीतल्या पाण्यात सोडला तर वर तरंगला, आणि अण्णा खुश!

आता रोज काम संपल्यावर लगेच, पीठ ओलं असतानाच रोलर काढून ब्रशने धुवायचे, तारेची घासणी नको, आणि रात्रभर उघडे वाळू द्यायचे असं ठरलंय. तो सपाट पट्टा पूर्ण गेलेला नाही, परत कण राहायला लागले तर तो रोलर बदलावाच लागेल हे त्यांना सांगून ठेवलंय.