काचेचं भांडं आणि पंधरा अंश

“आक्का, काचेच्या भांड्यात केक करायचा तर टेंपरेचर पंधरानं कमी करायचं, एवढंच ना?”

नाही, एवढंच नाही. हे मी फोनवर सांगितलंय, लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, रंकाळ्यावर फिरताना थांबवून विचारणाऱ्यांनाही सांगितलंय. तरी प्रत्येक जण पंधराचा आकडा तेवढा घेऊन जातो आणि घड्याळाचं पुढचं बोलणं ऐकायलाच थांबत नाही. केक बिघडतो तो घड्याळाच्या बाजूनं.

पंधरा अंश कमी करा हे दोन भांड्यांना सांगतात, काळ्या टिनला आणि काचेला. आकडा एकच, पण कारणं वेगळी आहेत आणि वेळ तर अगदी उलट्या दिशेला जाते. ओटीजीत भांड्याला उष्णता मिळते ती गरम हवेची आणि तापलेल्या रॉडच्या थेट झळीची. चकचकीत अॅल्युमिनियम ती झळ बरीचशी परत फेकतं. काळा टिन ती शोषून घेतो आणि धातूच असल्यामुळे लगेच पिठाला देतो. बुडाला आणि कडेला रंग लवकर चढतो. म्हणून १८०ऐवजी १६५, आणि अॅल्युमिनियमला पस्तीस मिनिटं लागत असतील तर काळ्या टिनात पंचविसाव्या-अठ्ठाविसाव्या मिनिटालाच बघायला लागायचं.

काचेची गोष्ट निराळी. काच अॅल्युमिनियमपेक्षा उष्णता दोनशे पटीच्या आसपास कमी वाहून नेते. भांडं जाड असतं, तापायला वेळ घेतं, त्यामुळे सुरुवातीला आतलं पीठ मागं राहतं. पण झळ काच शोषते, आणि एकदा तापली की उष्णता सोडत नाही. मग कडा पुढं धावतात आणि मधला भाग मागंच असतो. तापमान उतरवायचं ते या कडांना थोपवण्यासाठी, मध्याला गाठायला सवड मिळावी म्हणून. साहजिकच वेळ वाढते. काळ्या टिनात कमी तापमान आणि कमी वेळ, काचेत कमी तापमान आणि जास्त वेळ. हे वाक्य पाठ करा, पंधराचा आकडा विसरलात तरी चालेल.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला माझाच गुळाचा केक केला होता. माझा आकडा २० सेंटिमीटरच्या गोल, फिक्या अॅल्युमिनियमच्या भांड्यासाठी होता, १८० अंश आणि पस्तीस ते अडतीस मिनिटं. त्यांच्याकडं भेट आलेलं लांबट काचेचं भांडं होतं, ब्रेडच्या आकाराचं. पंधरा कमी करायचे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून १६५ लावलं. पस्तीस मिनिटांनी वर छान तपकिरी रंग आला, कडा भांड्यापासून सुटल्या, आणि त्यांनी केक बाहेर काढला. पाहुणे यायच्या आत पुजेचं ताट मांडायचं होतं. तासाभरानं मधोमध खड्डा पडलेला. सुरी घातली तर खाली ओलं पीठ. घाबरून पुन्हा ओव्हनमध्ये घातला. बसलेला मध्य काही फुलला नाही, कडा मात्र काळ्या झाल्या. मग मला फोन, “आक्का, कडा जळाल्यात आनि मधी अजून कच्चंच हाय की ओ. तुमच्या मापातच कायतरी गडबड हाय.” मागून सासूबाईंचा आवाज येत होता, बाहेरून आणला असता तर बरं झालं असतं. वहिनी रडत होत्या.

मी गेले. भांडं अजून कोमट होतं, आणि काच असल्यामुळे सगळा पुरावा बाहेरूनच दिसत होता. बुडाला गर्द तपकिरी, बाजूनं बोटभर रुंदीचा काळपट पट्टा, आणि कापलेल्या तुकड्यात मधोमध चकाकणारा ओला पट्टा. गूळ साखरेपेक्षा लवकर रंग धरतो, त्यामुळे काचेच्या गरम कडेला तो आधी काळपटला. वरच्या रंगावरून केक झाला असं समजणं तिथंच फसतं. कडा सुटण्याची खूण अॅल्युमिनियममध्ये बऱ्यापैकी खरी असते. काचेत कडा मध्याच्या कितीतरी आधी सुटतात.

माप माझं बरोबर होतं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण वहिनींच्या बाजूनंही एक गोष्ट होती. माझ्या गोल भांड्याचा तळ साधारण ३१४ चौरस सेंटिमीटर. त्यांच्या लांबट भांड्याचा, २२ बाय ११ धरला तर, २४२. तेच पीठ तिथं जवळपास एक तृतीयांशानं उंच भरतं, आणि वाढलेली उंची म्हणजे मध्याला उष्णता पोचायचा रस्ता लांबला. म्हणजे काचेनं एक वेळ वाढवली आणि उंचीनं दुसरी. वहिनींनी यांतली एकही धरली नव्हती, कारण कुणी सांगितलीच नव्हती. पूर्वी क्लासमध्ये मीही तक्त्यातला आकडा देऊन मोकळी व्हायचे. तेव्हाच्या मला विचारलं तर ती म्हणेल, गृहिणीला साधं काहीतरी सांगावं. मला ते पटत नाही, कारण साधं सांगितलेलं अर्धंच असलं तर ते घेऊन कुणी पंचाहत्तरीला उभं राहतं.

तर त्या दिवशी काय करायला हवं होतं? अॅल्युमिनियमच्या भांड्यात पीठ जितकं उंच येतं, तितकंच काचेत ओतायचं आणि उरलेलं वाट्यांत भाजायचं. १६५ ला लावून अडतिसाव्या मिनिटाला पहिल्यांदा बघायचं, अगदी मधोमध टूथपिक खुपसून. बहुतेकदा पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं लागतात. थर्मामीटर असेल तर मध्यावर ९६ ते ९८ अंश. वर फार रंग चढू लागला तर फॉइल सैलसर झाकायची. बाहेर काढल्यावर दहाएक मिनिटांनी केक भांड्यातून काढून जाळीवर ठेवायचा, नाहीतर गरम काच कडा भाजतच राहते. आणि भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका, एकदम तापमान बदललं की काच तडकते.

सिलिकॉनचं विचाराल तर तिथं तापमान हलवायचं कारण नाही. ते उष्णतेला अडवतं, म्हणून ट्रेवर ठेवून पाच-दहा मिनिटं जास्त द्यायची. कड मात्र फिकीच राहील, आणि गुळाच्या केकला ती खरपूस कड नसली तर मला तो अर्धाच वाटतो.

वहिनी आता काचेत केक करतच नाहीत, भांडं ब्रेड पुडिंगपुरतं ठेवलंय. पुडिंगला काच उत्तमच, तिथं हळूहळू भाजणंच हवं असतं. पण दोष काचेचा होता हे मी अजून कबूल केलेलं नाही, आणि माप बरोबर होतं हे त्यांनीही नाही. भेटलो की विषय निघतोच.

तेव्हा पुढच्या वेळी मला विचाराल तेव्हा भांडं कशाचं, एवढं सांगून थांबू नका. भांड्याची लांबी-रुंदी आणि ओतलेल्या पिठाची उंची मोजून आणा, मग घड्याळाचं बोलू.