तीन रेषा, एकच करडा रंग

चाळीस स्लाइड्सचं रंगीत सादरीकरण पॉवरपॉइंटमध्ये तयार होतं. ऐकणाऱ्यांना छापील प्रती द्यायच्या होत्या आणि प्रिंटर फक्त काळ्या टोनरचा. प्रिंट करताना Color च्या जागी Grayscale निवडलं की झालं, असं मी धरून चाललो होतो.

नशीब, आधी एकच पान काढून पाहिलं. सातव्या स्लाइडवर तीन वर्षांचा रेषालेख होता: एक रेषा लाल, एक निळी, एक जांभळी. कागदावर तिन्ही सारख्याच करड्या. खाली कुठला रंग कुठल्या वर्षाचा ते लिहिलेलं होतं, पण आता त्याचा काय उपयोग?

कारण हिशेब केल्यावर कळलं. करडेपणा काढायचं एक रूढ सूत्र आहे:

```
0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

शून्य म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. माझा लाल (FF0000) 76 वर येत होता, जांभळा (7030A0) 80 वर आणि निळा (0070C0) 88 वर. पडद्यावर एकमेकांशी भांडणारे रंग, पण उजळपणा जवळपास एकच. उलट पिवळा (FFFF00) 226 वर, म्हणजे पांढऱ्या कागदावर दिसेनासाच.

मग फाइलची वेगळी प्रत करून आलेखात हात घातला. एक रेषा अखंड ठेवली, दुसरी तुटक, तिसरी ठिपक्यांची. हे Dash type मध्ये मिळतं. तिन्हींचा रंग सरळ काळा केला. लेझर प्रिंटर करडा रंग बारीक ठिपक्यांनी उभा करतो, त्यामुळे करडी बारीक रेषा किंवा लहान करडं अक्षर कडेला फाटल्यासारखं दिसतं. रंगांची सूची काढून टाकली आणि प्रत्येक रेषेच्या टोकाशी तिचं वर्ष लिहिलं. खरं तर रंगीत स्लाइडवरही हेच आधी करायला हवं होतं.

चौकटींचं काम सोपं निघालं. View मध्ये Grayscale उघडून गडद चौकटी निवडल्या आणि Black with White Fill दिलं. या सेटिंगने मूळ रंग बदलत नाहीत, Back To Color View केलं की सगळं जागच्या जागी.

पानावर सहा स्लाइड्स बसवायचा मोह होता. पण माझी स्लाइड 13.33 इंच रुंद, आणि अशा पानावर ती तीन इंचांच्या आसपास उरते. म्हणजे 18 पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं! दोनच ठेवल्या. कागद जास्त गेला, जाऊ दे.

दुसऱ्या चाचणीत आणखी एक सापडलं. पिवळ्या हायलाइटने ठळक केलेली वाक्यं आता इतर मजकुरासारखीच दिसत होती. ती सगळी शोधून अधोरेखित केली, आणि मगच पूर्ण गठ्ठा छापायला टाकला.